तोंडी बोललो होतो

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर. अकरा वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट पक्की शिकलो होतो, की कागदावर आहे ते खरं, बाकी सगळी हवा. पालक तक्रार घेऊन आला की मी म्हणायचो, लेखी द्या. तो काही देत नसे आणि तक्रार तिथेच मिटायची. केंद्रप्रमुखांनी फोनवर कितीही झापलं तरी मला फरक पडत नसे, पत्र आलं की बघू म्हणायचो. ही अक्कल मी इतरांनाही फुकटात वाटायचो. त्याच अकलेने माझं तोंड काळं झालं.

धडगावच्या पुढे अकरा किलोमीटरवर एका पाड्यावर आमची शाळा आहे. दोन खोल्या, एकेचाळीस पोरं आणि दोन शिक्षक, मी आणि इंद्रसिंग पावरा. मी लोणखेड्याचा पाटील, तो त्याच पाड्याचा आदिवासी. पगार दोघांचा सारखा, नोकरीही जवळपास सारखीच. तरी मी त्याला इंद्रसिंग म्हणतो आणि तो मला सर म्हणतो. हे कधी ठरलं ते आठवत नाही, आणि आजवर खटकलंही नव्हतं.

मुख्याध्यापकाचा प्रभार माझ्याकडे आहे. त्यामुळे शाळेचं जे काही ऑनलाइन असेल त्याचा ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो. शाळेत मला नेटवर्क नाही, त्यामुळे दर वेळी घाटाच्या वळणावर जाऊन ओटीपीचे आकडे आणण्यापेक्षा मी सोपा मार्ग काढला होता. शाळेच्या टॅबमध्ये सगळीकडे माझंच खातं टाकून ठेवलं. पोषण आहाराची नोंद असो, हजेरी असो, की ते प्रश्न विचारला की उत्तर देणारं एआयचं ऍप असो, सगळं कुंदन पाटलाच्या नावाने. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या शाळांचा कारभार असाच चालतो.

त्या ऍपवर इंद्रसिंगचा फार जीव. संध्याकाळी तो टॅब घरी न्यायचा, कारण त्याच्या ओट्यावर त्याच्या मोबाइलला नेटवर्क मिळतं. तिथे बसून एका बोटाने टाइप करत तिसरीसाठी गणितं काढून घ्यायचा. मी मात्र माझ्या मोबाइलवर त्या ऍपशी सरळ बोलायचो. कानात इयरफोन घालायचा, बटण दाबायचं आणि बोलायचं. समोरून एक बाई शुद्ध मराठीत उत्तर द्यायची. अगदी फोनवर बोलल्यासारखं. मी तर तिला बाईच म्हणायचो.

दिवाळीनंतर जिल्ह्यातून पत्र आलं. पहिली-दुसरीच्या पोरांसाठी पाड्यावर बोलतात ती पावरी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत अभ्यासपुस्तिका करायची होती. त्यासाठी प्रत्येक केंद्रातून एक शिक्षक हवा होता, मुख्याध्यापकाच्या शिफारशीसह. पुस्तिकेवर नाव छापलं जाणार होतं आणि नंदुरबारला दोन महिने बसून काम करायचं होतं.

वाचल्याबरोबर इंद्रसिंगचा चेहरा फुलला. त्याच्याकडे नऊ वह्या होत्या. पाड्यावरची गाणी, पेरणीचे शब्द, झाडांची नावं, पोरं कोडी घालतात ती कोडी, समोर मराठी अर्थ. नऊ वर्षं तो हे लिहीत होता आणि त्या वह्या शाळेच्या कपाटात ठेवत होता, माझ्या हजेरीपटांच्या खाली. मी त्यातली एकही धड उघडून पाहिली नव्हती.

"सर, ह्या कामासाठीच मी लिहीत होतो की काय, असं वाटतंय," तो म्हणाला.

"पाहू ना," मी म्हणालो.

कारण मलाही जायचं होतं. सरळ सांगतो, मला पावरीचे दोन-तीनशे शब्द येतात, त्याच्या पलीकडे काही नाही. पण पुस्तकावर नाव, जिल्ह्याच्या लोकांत ऊठबस, पुढेमागे बदलीला उपयोग, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे नाचायला लागलं. आणि शिफारस लिहायची होती मीच.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी घाटाच्या वळणावर मोटरसायकल लावली, कठड्यावर बसलो आणि बाईला लावलं. म्हटलं, सहकाऱ्यासाठी शिफारसपत्र हवंय, पण असं की कौतुक तर दिसलं पाहिजे आणि निवड मात्र माझी झाली पाहिजे. तिने विचारलं, त्यांनी नेमकं काय काम केलंय? मी वह्यांचं सांगितलं. ती म्हणाली, मग हे काम त्यांच्याशी थेट जुळतं, शिफारशीत वह्यांचा उल्लेख हवा. मला राग आला. यंत्रानेही त्याचीच बाजू घ्यावी! मग मी बोलत सुटलो. अर्धा तास. मनात साचलेलं सगळं बाहेर काढलं. ऐकायला होतं कोण? खाली दरी होती आणि कठड्यावर दोन माकडं. तिने दोनदा सौम्यपणे सांगून पाहिलं, की असं लिहिणं त्यांच्यावर अन्यायाचं होईल. मी दटावलं, तर तिने इतकंच केलं, की कामाचं थोडक्यात आणि कोरडं पत्र सांगितलं. ते मी तिला दोनदा सांगायला लावून डायरीत उतरवून घेतलं, वह्यांची ओळ गाळली आणि मोबाइल खिशात टाकला.

शुक्रवारी ते पत्र आणि माझा स्वतःचा अर्ज मी केंद्रप्रमुख हेमराज सरांकडे पोचवला.

मधल्या बुधवारची एक गोष्ट सांगायची राहिली. मधली सुट्टी होती, पोरं खिचडी खात होती. इंद्रसिंग टॅब मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसला होता. वर न बघता त्याने विचारलं, "सर, ह्या ऍपमध्ये तोंडाने बोललेलं पण लिहून राहतं का?"

"कसं राहील? तू टाइप करतो ते राहतं. बोलणं म्हणजे फोन. ठेवला की संपला."

"म्हणजे नंतर वाचता येत नाही?"

"अरे बाबा, बोललेलं कुणी वाचतं का? लेखी असेल तेच राहतं. किती वेळा सांगू?"

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. वाटलं, अजून काही विचारेल. मग "बरं," म्हणाला आणि उठून खिचडीच्या पातेल्याकडे गेला. गुरुवारी कपाट उघडलं तर माझे हजेरीपट एक वीत खाली बसले होते. खालच्या वह्या नव्हत्या. मला वाटलं, अर्जाला जोडायला नेल्या असतील.

शनिवारी सकाळची शाळा करून मी लोणखेड्याला घरी आलो. रविवारी सकाळी रूपाली, माझी बायको, मशीनवर बसली होती. ती ब्लाउज शिवते. एका हातात कात्री, गळ्यात टेप, आणि मोबाइल कापडाच्या ढिगावर उभा करून ती त्यात बघत होती आणि खडूने खुणा करत होती.

"काय वाची ऱ्हायनी?" मी विचारलं.

"परवा त्या ऍपले इचारेल व्हतं. बाहीनं माप कसं काढानं ते. हात कामात व्हतात म्हणीसन बोलीसनच इचारं. आते तेच पाही ऱ्हायनू."

मी हसलो. "बोलेल कोठे वाचता येस?"

तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "हाई पहा ना. जे बोलनू ते सगळं लिखाईसन ऱ्हास. मन्हं बी, त्यानं बी. तुमले माहीत नही का?"

मी पाहिलं. तिचा प्रश्न होता, जसा ती बोलते तसा, अर्धी अहिराणी अर्धी मराठी, काही शब्द चुकलेले. खाली उत्तर. खाली तिचा दुसरा प्रश्न. आवाज नव्हता, नुसती अक्षरं, ओळीने. तारीखही होती.

"आपला साधा फोन लावा तं त्यामा काही नही ऱ्हास," रूपाली खडू फिरवत म्हणाली. "कोणले लावा आन कितला येळ बोलनात, तितलंच. पण ह्यानासंगे बोलेल सगळं जमा व्हस. मी तं पुन्हा पुन्हा वाचस."

मी मागच्या अंगणात गेलो, गोठ्याच्या भिंतीला टेकलो आणि माझा मोबाइल उघडला. ऍपच्या डाव्या कोपऱ्यात तीन रेघा असतात, त्या मी कधी दाबल्या नव्हत्या. दाबल्या. यादी आली. तिसरीची गणितं, बेरीज वजाबाकी, पाढे, ही सगळी इंद्रसिंगची. आणि त्यांच्यामध्ये एक, जिला ऍपने स्वतःहूनच नाव दिलं होतं: इंद्रसिंग यांच्यासाठी शिफारसपत्र.

उघडलं.

माणूस बोलताना स्वतःला ऐकत नाही. मी तरी ऐकलं नव्हतं. आता माझंच बोलणं माझ्यापुढे पसरलं होतं, उजव्या बाजूला, एकामागून एक ठोकळ्यांत. "त्याचं मराठी कच्चं आहे." खोटं. त्याच्या वहीतलं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. "होळीच्या दिवसांत तो आठ-आठ दिवस शाळेत नसतो." खोटं. तो रीतसर रजा टाकतो, आणि गणपतीत मी त्याच्यावर शाळा टाकून तीन दिवस जास्त घरी राहतो. "या लोकांना नोकरी मिळाली हेच खूप झालं, आता पुस्तकावर नाव कशाला?" हे मी बोललो होतो. माझ्या तोंडाने. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

आणि मग ते. ते सांगायच्या आधी पाण्याचं सांगावं लागेल.

रुजू झालो तेव्हा पहिल्याच दिवशी इंद्रसिंग मला घरी घेऊन गेला. त्याच्या आईने, फुलवंताबाईंनी, माठातून पाणी काढून पुढे केलं. मी म्हणालो, माझं पोट नाजूक आहे, बाहेरचं पाणी चालत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टर बिक्टर कुणी नव्हता. दोन वर्षं मी धडगावच्या खोलीवरून बाटली भरून नेत राहिलो. फुलवंताबाईंनी ते पोटाचं खरं मानलं. त्या रोज सकाळी चुलीवर वेगळं पाणी उकळायला लागल्या. निवलं की स्टीलच्या तांब्यात भरून वर ताटली झाकून ठेवायच्या, मी कधी येईन याचा भरवसा नसताना. त्यांना मराठी फार येत नाही. हाताने पोट दाखवून विचारायच्या, बरं आहे का? मी मान हलवायचो. पुढे इतकं अवघड झालं, की मी ते पाणी प्यायला लागलो. पाड्यावर माझी ओळखच झाली, पोटाचे मास्तर.

तर माझ्या मोबाइलमध्ये मी बाईला सांगत होतो: "पोटाचं निमित्त करून मी दोन वर्षं त्यांच्या घरचं पाणी टाळलं. आत्ता पितो ते पण डोळे मिटून. म्हातारी रोज उकळत बसते, तिला वाटतं मला खरंच आजार आहे."

त्याच्या पुढे मी हसलो होतो. हसणं तेवढं लिहिलेलं नव्हतं. पण मला आठवत होतं.

मी काय केलं? आधी ते पुसलं. ओळीवर बोट दाबून धरलं, ऍपने विचारलं, नक्की काढून टाकायचं का, मी हो दाबलं. यादीतून ते गेलं. टॅबमध्येही खातं हेच आहे, नेटवर्क मिळालं की तिथूनही जाईल, हा हिशोब मी तेवढ्यात केला. सुटलो असं वाटलं. अगदी खरं सांगतो, मला लाज नाही वाटली तेव्हा, सुटलो असंच वाटलं. त्याच्या मागून आली ती भीतीच, की त्याने वाचलं असेल तर तो तक्रार करेल, चौकशी लागेल, नोकरी जाईल. त्याच्या आईचं तोंड डोळ्यांपुढे आलं ते या सगळ्यानंतर. तो क्रम मी विसरू शकत नाही.

आणि मग बुधवार आठवला. तोंडाने बोललेलं पण लिहून राहतं का?

त्याला ते ठाऊक होतं. वाचल्यानंतरच त्याने विचारलं होतं. गणितं शोधायला यादी उघडली असेल, त्यात स्वतःचं नाव दिसलं असेल, कुणीही उघडेल. ज्याच्या तोंडून हे निघालं त्याला त्याने उंबऱ्यावर बसून एक संधी दिली होती. मी म्हटलं असतं, राहतं रे, आणि मी एक घाण बोललोय, तर गोष्ट तिथेच संपली असती. मी त्याला शिकवलं, की लेखी असेल तेच खरं.

"काय व्हयनं?" रूपाली दारात येऊन उभी होती. "तोंड कसं उतरी गयं?"

"पोट दुखी ऱ्हायनं," मी म्हणालो.

हे शब्द तोंडातून गेले आणि मला स्वतःची किळस आली. बायकोशीही तेच निमित्त. मी तिला काहीच सांगितलं नाही. हेमराज सरांना फोन लावला आणि म्हटलं, माझं शिफारसपत्र चुकलंय, आणि माझा अर्जही मागे घेतो. ते वैतागले. म्हणाले, पाटील, यादी उद्या जाणार, काय खेळ लावलाय? उद्या अकराच्या आत नवीन पत्र माझ्या हातात पाहिजे, नाहीतर पहिलंच जाईल.

मग बसून हाताने पत्र लिहिलं. बाईला विचारलं नाही. नऊ वह्या, नऊ वर्षं, काय काय आहे त्यात, जेवढं मला माहीत होतं तेवढं. फार नव्हतं. ते कमी वाटलं म्हणून मी शेवटी दोन दणदणीत ओळी घातल्या. सही केली, बॅगेतला शिक्का मारला आणि तसाच मोटरसायकलवर बसलो. रूपाली मागून म्हणत होती, पोट दुखत असताना घाट कशाला चढता? मी थांबलो नाही.

पाड्यावर पोचलो तेव्हा तीन वाजले असतील. इंद्रसिंग ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. त्याचे वडील गुलाबसिंग शेजारी खाटेवर झोपले होते. मला बघून तो उठला नाही. एरवी उठतो.

"या सर. रविवारी?"

मी पत्र पुढे केलं. त्याने हात पुसले, पत्र घेतलं, सावकाश वाचलं. मग खिशातून पेन काढून पत्रासकट माझ्याकडे दिलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काढा. 'पावरी भाषेतील सर्वश्रेष्ठ अभ्यासक.' हे खोटं आहे. तुम्हाला कसं माहीत, कोण श्रेष्ठ?"

मी ओळ खोडली. त्याने त्याच्या पुढचीही दाखवली, मी तीही खोडली. आता पत्रात फक्त वह्या राहिल्या. त्याने घडी घालून ते वरच्या खिशात ठेवलं. "उद्या मीच नेऊन देतो."

"इंद्रसिंग, ते जे मी..."

"टॅबमधून गेलंय ते," तो म्हणाला. "दुपारी पाहिलं. सकाळी होतं."

"मी पुसलं."

"हां."

"मला माहीत नव्हतं रे, की बोललेलं राहतं."

"तेच मी तीन दिवस म्हणत होतो स्वतःला," तो शेंग सोलत म्हणाला. "सरांना माहीत नाही. माहीत असतं तर बोलले नसते. मग वाटलं, बोलले नसते, पण मनात तर असतंच ना?"

त्याचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणालो, माफ कर. तो शेंगा सोलत राहिला. मी पुन्हा म्हणालो, तक्रार करायची असेल तर कर, मी लेखी देतो, सगळं कबूल करतो.

पहिल्यांदाच तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "लेखी! सर, माझा बाप गावच्या पंचात बसतो. त्याला अक्षर येत नाही. कुणी कुणाला वाईट बोललं, की बाप त्याला सगळ्यांपुढे उभा करतो आणि म्हणतो, बोललास ना, मग ज्याला बोललास त्याच्या पुढे तेच बोल. तो माणूस एकदा बोलला की बाप पुढचं विचारत नाही." त्याने सूप बाजूला सारलं. "माझं ठीक आहे. मी वाचलं. मला वाचता येतं, म्हणून मला कळलं. आईला वाचता येत नाही."

तेवढ्यात आतून फुलवंताबाई आल्या. हातात स्टीलचा तांब्या, वर ताटली, ताटलीवर पालथा पेला. रविवार होता, मी येणार नव्हतो, तरी पाणी उकळलेलं होतं. त्यांनी मला बघून तोंडभर हसून, रिकाम्या हाताने पोटाकडे खूण केली.

"तिला मी काही सांगितलं नाही," इंद्रसिंग म्हणाला. "तुम्ही सांगा. मराठीत सांगा. मी तिला पावरीत सांगतो."

"इंद्रसिंग, त्यांना कशाला? त्यांना वाईट वाटेल."

"मी वाचलं तेव्हा मलाही वाटलं. ते बघायला तुम्ही नव्हता तिथे, सर."

मी उभा राहिलो. फुलवंताबाई एकदा माझ्याकडे, एकदा लेकाकडे बघत होत्या. गुलाबसिंग जागे झाले होते आणि उठून बसले होते. तुरीच्या शेंगांवर एक कोंबडी आली, तिला कुणी हाकललं नाही.

मी म्हणालो, "माझं पोट नाजूक नाही."

इंद्रसिंगने पावरीत सांगितलं. त्या हसल्या. त्यांना वाटलं, बरं झालं म्हणून सांगतोय.

"कधीच नव्हतं. डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं."

त्याने सांगितलं. हसू अर्धं राहिलं.

"तुमच्या घरचं पाणी प्यायला नको, म्हणून मी पोटाचं निमित्त केलं. दोन वर्षं."

हे त्याने माझ्याकडे न बघता, जसंच्या तसं सांगितलं असावं. कारण त्यात मला येणारे शब्द होते. आपलं, घर, पाणी, नको. माझ्या दोन-तीनशे शब्दांत हे चारही बसतात.

"पुढचं," तो म्हणाला.

"नको रे."

"म्हातारी रोज उकळत बसते," त्याने सुरुवात करून दिली. माझीच ओळ, एक शब्द इकडचा तिकडे नाही. पुसून काय केलं होतं मी?

मी ती ओळ पुरी केली. त्यांच्या तोंडाकडे बघत पुरी करावी लागली. इंद्रसिंगने ती आपल्या आईला आपल्या भाषेत सांगितली, आणि तेवढी एकदाच त्याची जीभ अडखळली.

फुलवंताबाईंनी तांब्या दोन्ही हातांनी धरला. मग हळू आवाजात त्यांनी काहीतरी विचारलं.

"विचारते," इंद्रसिंग म्हणाला, "की मग एवढी वर्षं कधी दुखलंच नव्हतं का? एकदाही?"

"नाही," मी म्हणालो.

हे त्यांना मराठीतच कळलं. त्यांनी ताटली उचलली, तांब्यातलं पाणी ओट्याखालच्या मिरचीच्या रोपांना नीट, वाया न घालवता, एकेका बुडाशी घातलं. रिकामा तांब्या आत ठेवून आल्या आणि लेकाच्या शेजारी बसून शेंगा सोलायला लागल्या.

उन्हातून घाट चढून आलो होतो, घसा कोरडा पडला होता. दारात माठ होता, माठावर पाणी काढायचं ओगराळं होतं, माझ्यापासून चार पावलांवर. मी वाट पाहिली. मला कुणी पाणी विचारलं नाही, आणि मागायचं तोंड मला नव्हतं.